५० टक्के डिस्काउंट रेट लावून आमचा वाळूचा प्रोजेक्ट बाद केला, हे बरोबर आहे का?

शिरोलीचा_वाळूवाला

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण आकडे न देता मत मागण्यात अर्थ नाही.

मी आणि माझा मित्र, दोघेही बरीच वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साच्याची ग्रीन सँड, म्हणजे बेंटोनाइट मातीनं बांधलेली ओलसर वाळू, फिरवून फिरवून वापरतात, पण त्यातली काही रोज बाहेर काढावीच लागते, आणि कोअरची, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या भागाची, रेझिनवाली वाळू तिच्यातच मिसळलेली असते. ती जळकी वाळू टाकायला पैसे जातात आणि नवी आणायलाही पैसे जातात. आम्हाला ती भट्टीत भाजून, रेझिन जाळून, दाण्यावरचं बेंटोनाइट घासून काढून पुन्हा कोअरसाठी द्यायची आहे. नुसत्या रेझिनच्या वाळूवर हे तंत्र जुनं आहे. मिसळलेल्या वाळूवर, आपल्याकडच्या लहान फौंड्र्यांना परवडेल अशा खर्चात ते जमतं का, एवढाच खरा प्रश्न आहे.

त्यासाठी आधी ४० लाखांचा पायलट करायचा. वर्षभरात कळेल की वाळू चालते की नाही. चालली तर २ कोटींचा प्लांट. त्यानंतर ८ वर्षं, वर्षाला १ कोटी १० लाख हातात राहतील असा हिशेब आहे. वाळू चालण्याची शक्यता आम्ही स्वतःच ३० टक्के धरतो. उगाच फुगवून सांगत नाही.

पुण्याच्या एका गुंतवणूकदारांनी आमचेच आकडे घेतले, स्टार्टअप आहे म्हणून ५० टक्के दर लावला आणि एनपीव्ही, म्हणजे सगळी आवक-जावक आजच्या भावात आणून उरणारी रक्कम, उणे ३२ लाख काढून दाखवला. "तुमचा आयआरआर ४० येतो, आम्हाला ५० लागतो," म्हणजे ४० टक्के दरावरच एनपीव्ही शून्य होतो, एवढं बोलून विषय मिटवला. मला हे खटकलंय, पण नक्की काय चुकतंय ते मांडता येत नाही.

झणझणीत_कट

५० टक्के? अरं भावा, ही तर सावकारी झाली की! त्यापेक्षा बँकेत जा, एमएसएमईला विनातारण कर्ज मिळतंय. माझ्या मेव्हण्यानं मसाल्याच्या कांडपाला घेतलं. ५० टक्क्यानं पैसे घेऊन कोण जगलंय?

शिरोलीचा_वाळूवाला

दादा, ते व्याज नाही. पुढच्या वर्षांत येणारा पैसा आजच्या भावात किती धरायचा, त्यासाठी लावलेला दर आहे. आणि पायलटला बँक दारात उभं करत नाही, मशीनच नाही तर तारण काय देणार?

हिशेबी_काका

मी ३० वर्षं बँकेत कर्जविभागात काढली. यात खटकण्यासारखं काही नाही. जोखीम जास्त तर दर जास्त, हा साधा नियम. चांगल्या पार्टीला कमी दर, नवख्याला जास्त. तुम्ही स्वतः म्हणताय की ७० टक्के शक्यता बुडण्याची आहे. मग ५० टक्के दर कमीच लावला म्हणायचा. शिवाय फौंड्रीचा धंदा गाड्यांवर आणि ट्रॅक्टरवर अवलंबून. २०१९ साली गाड्यांचा खप पडला तेव्हा शिरोली-गोकुळ शिरगावात कशा पाळ्या कमी झाल्या, आठवतंय ना? ही जोखीम कुठे धरणार?

करवीरकन्या

काका, तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळ्या जोखमी एकत्र आल्यात. त्या सोडवल्या की सगळं सुटतं. (मी मुंबईत व्हॅल्युएशनचं काम करते, माहेर मंगळवार पेठ.)

गाड्यांचा खप पडला की फौंड्री, शेअर बाजार, बाकीचे धंदे सगळेच एकदम खाली येतात. गुंतवणूकदारानं दहा ठिकाणी पैसे वाटले तरी ही जोखीम टळत नाही, म्हणून तिचा मोबदला दरातच मागायचा. तुमचं म्हणणं तिथे शंभर टक्के बरोबर. पण बेंटोनाइट दाण्यावरून निघेल की नाही, याचा बाजाराशी काही संबंध नाही. ते भट्टीत ठरणार आणि एकदाच ठरणार. अशा जोखमीची जागा दरात नाही, वरच्या आकड्यांत आहे. येणाऱ्या रकमेला ३० टक्क्यांनी गुणायचं आणि दर फौंड्रीशी जोडलेल्या साध्या धंद्याचा ठेवायचा. मी १५ धरते.

आता करून बघू. वाळू चालली तर ८ वर्षांच्या मिळकतीची किंमत १५ टक्क्यांनी, प्लांट घालायच्या दिवशी, साधारण ४ कोटी ९४ लाख होते. त्यातून प्लांटचे २ कोटी वजा केले की २ कोटी ९४ लाख उरतात. हे ३० टक्केच वेळा हाती येणार, म्हणून ८८ लाख. एक वर्ष मागे आणले की ७७ लाख. पायलटचे ४० लाख गेले, उरले अधिक ३७ लाख. तेच आकडे, तीच ७० टक्के अपयशाची भीती, आणि उत्तर उणे ३२ च्या जागी अधिक ३७.

हिशेबी_काका

ताई, गणित कळलं. पण तुम्ही दर कमी केलात म्हणून उत्तर वर गेलं, यात नवल काय? उशिरा येणारा पैसा ५० टक्क्यांनी चेपला जातो, १५ नी चेपला जात नाही.

करवीरकन्या

मलाही आधी तसंच वाटलं होतं, म्हणून दोन्ही हिशेब फोडून पाहिले. गंमत अशी की फरक मिळकतीत जवळजवळ नाहीच. ५० टक्क्यांच्या हिशेबात सगळ्या मिळकतीची आजची किंमत १ कोटी ४१ लाख येते. माझ्या हिशेबात, ३० टक्क्यांनी गुणून, १ कोटी २९ लाख. म्हणजे मीच कमी धरली!

फरक आहे तो प्लांटच्या २ कोटींत. त्यांच्या पत्रकात ते पुढच्या वर्षी खर्च होणार हे गृहीतच आहे, म्हणून आजच्या भावात १ कोटी ३३ लाख वजा झाले. प्रत्यक्षात पायलट फसला तर हा प्लांट कोण घालणार आहे? दहात तीनदाच तो खर्च होणार. त्याची आजची किंमत ५२ लाख. सत्तर टक्के वेळा तुम्ही ४० लाखांवर पाणी सोडून घरी जाता, २ कोटी खिशातच राहतात. थांबण्याची ही मुभा दर वाढवून दाखवताच येत नाही. दर कितीही करा, पत्रकातला २ कोटींचा खर्च होणारच असं धरलेलं असतं.

आणि मिळकतीचा आकडा जुळला तो निव्वळ योगायोग आहे. १५ ऐवजी ५० लावणं म्हणजे "दरवर्षी धंदा बुडण्याची शक्यता २३ टक्के" असं म्हणणं. १.१५ ला १.५० नी भागा, ०.७७ येतात, तेवढाच धंदा दरवर्षी जगतो. दुसऱ्या वर्षी या हिशेबानं ५९ टक्के शिल्लक राहतात, आणि खरं तर तोवर ३० च राहणार. म्हणजे सुरुवातीच्या मिळकतीला त्यांनी दुप्पट भाव दिला. नवव्या वर्षी याच हिशेबानं ९ टक्के उरतात. पण पायलट पास होऊन आठ वर्षं भट्टी चालू असलेला प्लांट नवव्या वर्षी कशानं बुडेल? तिथेही ३० च धरायला हवेत. साडेचार वर्षांच्या आसपास दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात. त्याआधी हा दर नको तितका मवाळ, त्यानंतर नको तितका कडक. इथे दोन्ही चुका एकमेकींवर उतरल्या म्हणून बेरीज जुळली.

झणझणीत_कट

ताई, मला निम्मं कळलं, पण भारी वाटलं.

इचलकरंजीचा_माग

आमचंही असंच झालंय म्हणून लिहितो. जुने पॉवरलूम काढून एअरजेट घ्यायचे आहेत. सीएनं दर १५ च्या जागी २० लावला, म्हणाला सुताचे भाव आणि पार्ट्या पैसे बुडवतात त्यासाठी ५ टक्के जादा. मग तोही चुकीचा का? भांडू का त्याच्याशी?

करवीरकन्या

दादा, भांडू नका, तुमच्या बाबतीत ते चालेल. तुमची मशीन पहिल्या दिवसापासून चालणार हे माहीत आहे. मोठी पार्टी बुडण्याची शक्यता पहिल्या वर्षी जेवढी, तेवढीच सातव्या वर्षी. वर्षाला ४ टक्के शक्यता धरली तर १.१५ भागिले ०.९६, म्हणजे साधारण २० टक्केच येतात. दरवर्षी सारखीच टांगती तलवार असेल तर जादा दर हे तिचं ठीकठाक रूप आहे. फक्त सीएला विचारा की ५ कुठून आणले. आणि सुताचा भाव दोन्ही बाजूंना हलतो, तो वेगळा बघा.

वाळूवाल्यांची जोखीम पहिल्याच वर्षात संपते. हट्टानं दरातच बसवायची तर पहिल्या वर्षाला २८३ टक्के आणि पुढे १५, असा दर लावावा लागेल. तसं कोण लावणार?

पुण्याचा_जावई

मी अशाच एका फंडात काम करतो (वरचे गुंतवणूकदार आम्ही नव्हे, हे आधीच सांगतो). ताईंचं गणित बरोबर आहे आणि आमच्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही आहे. तरी आम्ही ५०-६० लावतो. का ते ऐका.

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण सगळं सुरळीत झालं तर काय, तेवढंच लिहून आणतो. कोणाच्याच पत्रकात "३० टक्के" हा शब्द नसतो. आठ वर्षांचे आकडे सरळ रेषेत वर जातात. त्यांची शक्यता मी विचारली तर ९० सांगतात. त्या आकड्याशी वाद घालत बसण्यापेक्षा ५० टक्के लावून पत्रक चेपलं की सौदा सुरू करता येतो. तो अंदाज नसतो, घासाघीस असते. पाच वर्षांनी कंपनी कितीला विकली जाईल, त्याला या दरानं चेपायचं आणि आपला हिस्सा काढायचा. दहा मिनिटांचं काम.

शिरोलीचा_वाळूवाला

पण साहेब, मग ज्यानं खरं लिहिलं त्याला दोनदा मार बसला. फुगवणाऱ्याचा फुगा तुम्ही चेपता, आणि आमचा न फुगवलेलाही तेवढाच चेपता. पुढच्या वेळी मीही १ कोटी १० च्या जागी १ कोटी ६० लिहून आणेन.

पुण्याचा_जावई

आणाल. सगळे तेच करतात, आणि मग आम्ही ५० चे ६० करतो. 🙂 यावर उत्तर माझ्याकडे नाही. पण एक सांगतो, तुम्ही एकदम २ कोटी ४० लाखांचा प्रोजेक्ट म्हणून गेलात हीच गोची झाली. ४० लाख मागा, आणि पायलट ठरलेल्या कसोटीला उतरला तर पुढचे २ कोटी कोणत्या हिशेबानं येतील ते आत्ताच कागदावर आणा. टप्प्याटप्प्यानं पैसे द्यायची पद्धत आमच्याकडे रोजची आहे. मग पत्रकही आपोआप दोन टप्प्यांचं होतं.

मेल्टिंग_शॉप

एवढा वेळ गप वाचत होतो. मी उद्यमनगरात सुरुवात केली, आता कागलला आहे. तुमच्या दरापेक्षा मला त्या ३० ची आणि १ कोटी १० ची काळजी आहे.

ताई म्हणतात वर्षाअखेर चालली की नाही ते कळेल. फौंड्रीत असं हो-नाही कधी कळत नाही हो. दाण्यावर बेंटोनाइटचा अंश राहिला की वाळूची ॲसिड डिमांड वाढते, मग फ्युरान रेझिनला ॲसिड जादा घालावं लागतं, कोअर नीट सेट होत नाही. जास्त घासलं तर दाणा फुटतो, बारीक धूळ वाढते, रेझिन जादा पितं. म्हणजे वाळू चालते, पण रेझिनचा खर्च वाढवून चालते. हे पास म्हणायचं की नापास?

दुसरं. पायलट दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्यात "झाला पास" म्हणाल. आमच्याकडची टाकाऊ वाळू उघड्यावर पडलेली असते. जुलैत चिंब भिजलेली येईल. ती आधी वाळवायला जो गॅस लागेल तो कोणाच्या हिशेबात आहे?

करवीरकन्या

साहेब, मी आकडे शिकवू शकते, वाळू नाही. हे तुम्हीच सांगू शकत होता.

म्हणून मी उलटा हिशेब केला. ३० बरोबर की चूक यावर भांडण्याऐवजी, किती शक्यता असली तर पायलट करणं परवडतं? मिळकत १ कोटी १० लाख असेल तर १६ टक्के पुरतात. म्हणजे ३० चा अंदाज जवळजवळ निम्म्यावर, १६ पर्यंत, आला तरी जेमतेम निभावतं. पण तुम्ही म्हणता तसं गॅस आणि रेझिननं खाऊन मिळकत ८० लाखांवर आली, तर शक्यता २९ टक्के लागते. तेव्हा ३० आणि २९ यांत जीव जेमतेम दीड लाखांचा उरतो. हा प्रोजेक्ट शक्यतेपेक्षा मिळकतीवर जास्त डळमळतोय. ५० टक्क्यांच्या पत्रकात हे दिसलंच नसतं, तिथे सगळंच लाल होतं.

शेवटी भट्टी पाडून, साठलेल्या धुळीची विल्हेवाट लावून जागा मोकळी करायचा खर्च धरलाय का? समजा तो ५० लाख. नवव्या वर्षीचे ५० लाख ५० टक्क्यांनी आजचे सव्वा लाख होतात. तुमच्या खऱ्या हिशेबात, ३० टक्क्यांनी गुणूनही, सव्वाचार लाख. धोका म्हणून लावलेला दर शेवटच्या खर्चाला स्वस्त करून दाखवतो, हे त्यांनाही सांगा.

हिशेबी_काका

हे शेवटचं मला पटलं. दर वाढवला की खर्चही हलका होतो, हा विचार मी कधी केला नव्हता. आम्ही कर्ज द्यायचो, तिथे पुढचा खर्च आमचा नसायचा.

पण थांबण्याच्या मुभेबद्दल मला शंका आहे ती आहेच. मी कारखानदार पाहिलेत. ४० लाख घातलेला माणूस ७० टक्के वेळा शांतपणे घरी जात नाही. तो म्हणतो, अजून एक ट्रायल, अजून २० लाख. मग ताईंचे ५२ लाख ५२ कसे राहतात?

करवीरकन्या

राहत नाहीत. थांबायचं ठरवून न थांबणाऱ्यासाठी त्या मुभेची किंमत शून्य आहे, आणि मग पुण्याच्या त्या गुंतवणूकदारांचं पत्रकच सत्याच्या जवळ जातं. कसोट्या आधीच लिहून ठेवणं एवढाच उपाय मला दिसतो. त्यानं माणूस खरंच थांबतो का, ते मी छातीठोक सांगणार नाही.

मेल्टिंग_शॉप

कसोट्या मी सुचवतो. एलओआय, म्हणजे वाळू जाळल्यावर घटणारं वजन, ०.३ टक्क्याच्या खाली. कोअरची टेन्साइल ताकद, तेवढ्याच रेझिनमध्ये, नव्या वाळूच्या निदान ९० टक्के. ॲसिड डिमांड नव्या वाळूच्या किती जवळ हवी ते रेझिनवाल्याकडून लिहून घ्या. आणि तिन्ही मापं पावसाळ्यातल्या वाळूवर. एका फौंड्रीचे कास्टिंग घेऊन पिनहोल किती येतात ते वेगळं मोजा. एका जरी मापात नापास झालं तरी २ कोटी घालू नका. रेझिन वाढवून पास करायचं असेल तर ती वाढ १ कोटी १० मधून कापून ताईंना परत आकडा विचारा.

पुण्याचा_जावई

आणि पास-नापास कोण ठरवणार? तुम्ही ठरवणार असाल तर आम्ही सही करत नाही, आम्ही ठरवणार असू तर तुम्ही करू नये. इथेच असे करार अडकतात.

शिरोलीचा_वाळूवाला

तिसऱ्या जागी टेस्ट करून घेतली तर? दोघांनाही मान्य असलेल्या लॅबमध्ये. टेन्साइल आणि एलओआय आमच्या जुन्या फौंड्रीतही होतं, पण बाहेरच्यांना ॲसिड डिमांडचा रिपोर्ट करून देणारं शिरोली-कागलमध्ये कोणी आहे का?

आणि १ कोटी १० चा आकडा पुन्हा मांडतोय. गॅस आम्ही कोरड्या वाळूवरच धरला होता.

मेल्टिंग_शॉप

आयआयएफच्या, म्हणजे फौंड्रीवाल्यांच्या संघटनेच्या, कोल्हापूर चॅप्टरमध्ये विचारून बघ. मीही एक-दोघांना फोन करतो. तोवर भिजलेल्या वाळूच्या दोन-तीन गोण्या बाजूला काढून वजन कर, मग वाळवून पुन्हा कर. पाणी किती धरते ते कळल्याशिवाय गॅसचा आकडा लिहू नको.

इचलकरंजीचा_माग

सीएला विचारलं ५ कुठून आणले. म्हणाला, "सगळे लावतात."